बाळंतपण माहेरी, नोकरी जळगावात: ईएसआयचे ७० दिवस आणि पॉलिसीचे २४ महिने

"भाऊ, कितला पैसा लागतीन?" मामीने चोपड्याहून फोन करून पहिलं विचारलं ते हेच. मामेबहीण जळगाव एमआयडीसीत एका चटई कारखान्यात पॅकिंगला आहे, पगार १५,०००. दाजी केळीच्या गाडीवर ड्रायव्हर, म्हणजे हंगामात घरी नाहीत आणि मंदीत घरीच. डॉक्टरांनी तारीख दिलीय २० फेब्रुवारी २०२७. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी, चोपड्याला. मी पगारपत्रकं आणि कामगारांच्या सरकारी विम्याची, म्हणजे ईएसआयची, कामं करतो म्हणून हा फोन माझ्याकडे आला. मामीला आकडा हवा होता, आणि आकडा काढायला आधी बहिणीची ईएसआय पात्रता तपासावी लागली. तीच इथे सविस्तर लिहितो. महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्या आणि ईएसआय कापला जाणाऱ्या प्रत्येकीला ती लागू पडते.

ईएसआयमधून बाळंतपणासाठी २६ आठवडे, म्हणजे १८२ दिवस पूर्ण सरासरी मजुरी मिळते. आधीच दोन मुलं हयात असतील तर १२ आठवडे. त्यासाठी अट एकच आहे, पण ती नीट समजून घ्यावी लागते. ईएसआयचं वर्ष दोन योगदान कालावधींत वाटलेलं असतं: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. एप्रिल-सप्टेंबरच्या योगदानावर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये लाभ मिळतो, आणि ऑक्टोबर-मार्चच्या योगदानावर जुलै ते डिसेंबरमध्ये. बाळंतपण ज्या लाभ कालावधीत पडतं, त्याच्या लगतच्या दोन योगदान कालावधींत मिळून किमान ७० दिवसांचं योगदान देय असायला हवं.

बहिणीची तारीख फेब्रुवारीत, म्हणजे लाभ कालावधी जानेवारी ते जून २०२७. मोजायचे दिवस १ ऑक्टोबर २०२५ ते ३० सप्टेंबर २०२६ मधले. लग्नामुळे ती डिसेंबर ते मे बिनपगारी रजेवर होती. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे ६१ दिवस तिने भरले होते, जूनपासून पुन्हा कामाला लागली. नुसता जून धरला तरी ९१ होतात, त्यामुळे पात्रतेची काळजी मिटली. तुम्ही मात्र दिवाळीनंतर कामाला लागून पात्र होऊ म्हणाल, तर फेब्रुवारीच्या बाळंतपणासाठी १ ऑक्टोबर २०२६ पासूनचा एकही दिवस धरला जात नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ईएसआयमध्ये आलेली मुलगी असेल तर तिचा पहिला लाभ कालावधी नोकरी लागल्यापासून नऊ महिने उलटल्यावर सुरू होतो. नोकरी लागली आणि लगेच दिवस गेले, तर हिशोब काठावर येतो तो इथे.

हे दिवस ईएसआयसीच्या पोर्टलवर स्वतःच्या विमा क्रमांकाने लॉगिन करून महिनावार पाहता येतात. पगाराच्या चिठ्ठीवर कपात दिसते म्हणून ती तिकडे पोहोचलीच असेल असं धरून चालू नका. मागे एका मुलीचे पोर्टलवर ६४ दिवसच दिसत होते. तिच्या कंत्राटदाराने एका महिन्याचं चलनच भरलं नव्हतं, आणि वर तिलाच सांगत होता की आता काही होणार नाही. तसं नाही. नियमातला शब्द 'देय' आहे, 'भरलेलं' नाही. ती कामावर होती आणि पगार मिळाला, एवढं दाखवता आलं की मालकाची चूक तिच्या माथी मारता येत नाही. पगाराची चिठ्ठी, हजेरी कार्डाचा फोटो आणि बँकेत जमा झालेल्या पगाराची नोंद घेऊन शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्यायचा. हे काम सहाव्या-सातव्या महिन्यात केलं तर निपटतं. बाळ झाल्यावर कंत्राटदार फोन उचलत नाही.

आता पैसे किती. दर ठरतो तो योगदान कालावधीतली एकूण मजुरी भागिले त्या मजुरीचे दिवस, असा. बहिणीचे एप्रिल-सप्टेंबर २०२६ मधले जून ते सप्टेंबर हे चार महिने भरतात: ६०,००० भागिले १२२ दिवस, म्हणजे रोजचे साधारण ४९२ रुपये. १८२ दिवसांचे झाले सुमारे ८९,५००. ऑक्टोबरमध्ये तिला पगारवाढ मिळायची आहे, पण ती या हिशोबात येणार नाही. तारखेच्या आधी जास्तीत जास्त आठ आठवडे घेता येतात, म्हणजे तिच्यासाठी २६ डिसेंबरपासून. मी तिला चार आठवडेच आधी घ्यायला सांगितलं, २३ जानेवारीपासून. म्हणजे २३ जुलैपर्यंत रजा पुरते आणि बाळ पाच महिन्यांचं होतं. अर्थात प्रकृतीने साथ दिली तर. डॉक्टरांनी आधी थांबायला सांगितलं तर थांबायचंच. रजेच्या काळात दुसरीकडे पगारी काम केलं तर त्या दिवसांचा लाभ जातो.

कागदांचा क्रम असा: गरोदरपणाचा दाखला फॉर्म १७, अपेक्षित तारखेचा किंवा झालेल्या बाळंतपणाचा दाखला फॉर्म १८, आणि पैशाची मागणी फॉर्म १९ वर. दाखले ईएसआयच्या डॉक्टरांकडून घ्यायचे. म्हणून माहेरी जाण्याआधी जळगावच्या दवाखान्यात नोंद करून फॉर्म १७ हातात घ्या, चोपड्याहून पुन्हा एसटीने यायची वेळ आणू नका. सोबत आधार, विमा क्रमांकाचं कार्ड, पासबुक, आणि नंतर बाळाचा जन्मदाखला लागतो.

माहेरचा आणखी एक मुद्दा. ईएसआयची वैद्यकीय सोय नसलेल्या ठिकाणी बाळंतपण झालं तर रोख ७,५०० रुपये मिळतात, तेही दोनच बाळंतपणांसाठी. नवरा ईएसआयमध्ये असेल आणि बायको नसेल, तर त्याच्या बायकोच्या बाळंतपणालाही ही रक्कम मिळते. पण खासगी बिलापुढे ती थोडी पडते. चोपड्याच्या एका खासगी दवाखान्यात मामाने विचारून आणलेला आकडा: साधी प्रसूती २५,०००, सिझेरियन ५५,०००. लेखी मागितला तेव्हा कळलं की भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञाची हजेरी आणि बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं तर त्याचे रोजचे पैसे वेगळे. आकडा लेखी मागायचा तो यासाठीच. दुसरीकडे सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली प्रसूती, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त आणि आईचं जेवण मोफत असतं. घरापासून रुग्णालयापर्यंत आणि परतीची गाडीही त्यात येते.

मामीचं म्हणणं होतं, "पॉलिसी काढून टाका ना मग." इथे उशीर झालेला होता. बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींत मातृत्व वगळलेलं असतं. कागदावर 'Excl18' असा संकेत शोधा, त्याखाली ते लिहिलेलं असतं. ज्या पॉलिसी मातृत्व देतात, त्यांत प्रतीक्षा कालावधी असतो: काहींत नऊ महिने, पुष्कळांत दोन वर्षं, काहींत त्याहून जास्त. आणि मर्यादा वेगळी. पॉलिसी पाच लाखांची असली तरी प्रसूतीला पाच लाख मिळतील असं नाही.

२४ महिन्यांची पॉलिसी १ जून २०२६ ला घेतली असं धरा. प्रतीक्षा संपते १ जून २०२८ ला, आणि दवाखान्यात भरती त्या दिवशी किंवा नंतर व्हायला हवी. नऊ महिने मागे मोजले तर दिवस राहायला हवेत सप्टेंबर २०२७ मध्ये किंवा नंतर. लग्न ठरलं की पॉलिसी बघा, एवढंच मी म्हणेन. मध्ये नूतनीकरण चुकवून सवलतीचे दिवसही गेले, तर मोजणी शून्यावर येते. कंपनी बदलताना पोर्ट केलं तर आधीचा काळ धरला जातो, पण जुन्या पॉलिसीत मातृत्व होतं तरच.

आणि ते घ्यावं का? समजा मातृत्वासाठी वर्षाला ६,००० जादा जातात, दोन वर्षं वाट पाहून तिसऱ्या वर्षीही भरले, म्हणजे १८,०००, आणि मर्यादा ३५,०००. हातात उरतात १७,०००, तेही प्रसूती त्या वर्षी झाली तरच. नुसत्या प्रसूतीच्या बिलासाठी मी घेणार नाही. पण पहिल्या दिवसापासून बाळाचा खर्च पूर्ण विमा रकमेपर्यंत देणारी पॉलिसी असेल, तर विचार वेगळा. कागदावर हे वाक्य नेमकं कसं लिहिलंय ते बघा, कारण काही पॉलिसींत बाळाचा खर्चही त्या ३५,००० तच बसवतात.

मामीला शेवटी आकडा दिला तो असा. २३ जानेवारीला पगार थांबेल, आणि ईएसआयचे पैसे अर्ज मंजूर झाल्यावर येतील, म्हणून दोन महिन्यांचा पगार, ३०,०००, बाजूला हवा. खासगी दवाखाना धरला तर सिझेरियनचे ५५,००० मिळून ८५,०००. ऑगस्ट ते जानेवारी सहा महिने, म्हणजे महिना साधारण १४,२००. तिच्या पगारातून जळगावचं भाडं आणि घर चालवून हे जमणार नाही, हे मामीलाही दिसलं. चोपड्याचं उपजिल्हा रुग्णालय धरलं तर ३०,००० आणि वरखर्चाचे १०,०००, महिना साधारण ६,७००. मामा दोन दिवस रुसले, "पहिली वेळ, सरकारीत?" म्हणत. मग स्वतःच तिथे नोंदणी करून आले.

मामीने पंतप्रधान मातृवंदना योजनेचे ५,००० ही हिशोबात धरले होते, ते काढायला लावले. दुसऱ्या कायद्याखाली असाच लाभ मिळणाऱ्या महिलेला ती योजना नाही. शेजारच्या शेतमजूर बाईला मात्र ती मिळेल, पहिल्या बाळासाठी ३,००० आणि २,००० अशा दोन हप्त्यांत. आशाताईकडे नोंद, आधार आणि आधारला जोडलेलं खातं लागतं. दुसरं बाळ मुलगी असेल तर एकदम ६,०००.

सध्या अडलंय ते नावावर. लग्नानंतर आधार सासरच्या नावाने झालं, ईएसआयच्या नोंदीत माहेरचं नाव आहे आणि पासबुकावर वडिलांचं नाव मधे. विवाह नोंदणी दाखला आणि आधार जोडून कारखान्यामार्फत दुरुस्तीचा अर्ज टाकलाय. पासबुकासाठी ती सोमवारी अर्धी रजा घेऊन बँकेत जाणार आहे.