संध्याकाळचं रडणं: कोलिक, रिफ्लक्स की आणखी काही?

सहा आठवड्यांचं बाळ. दिवसभर नीट पितं, झोपतं. संध्याकाळी सहा वाजले की मुठी आवळून, पाय पोटाशी घेऊन, लालबुंद होईपर्यंत रडतं. नऊ वाजेपर्यंत काही केल्या शांत होत नाही. मग गाढ झोपी जातं.

तपासणीत डॉक्टर आधी वजन पाहतात. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचं वजन रोज साधारण 20 ते 30 ग्रॅम वाढायला हवं. या बाळाचं तसं वाढतंय, ताप नाही, तपासणीतही काही सापडत नाही. म्हणजे हे कोलिक. दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीनपेक्षा जास्त दिवस रडणं, ही त्याची 1954 सालची जुनी व्याख्या. नेमकं कारण अजून सापडलेलं नाही. हे रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वाधिक असतं आणि तीन-चार महिन्यांत बहुतेक बाळांत आपोआप ओसरतं.

याच बाळाच्या तोंडून दूध बाहेर येत असेल, तर घरचे रिफ्लक्सला, म्हणजे जठरातलं दूध अन्ननलिकेत परत वर येण्याला, दोष देतात. पण गुळणी टाकणारी बहुतेक बाळं मजेत असतात. रिफ्लक्सचा खरा त्रास घड्याळ पाहून येत नाही. तो दिवसाच्या कुठल्याही पाजण्याच्या वेळी दिसतो: बाळ मध्येच अंग मागे ताणतं, दूध नाकारतं, वजन अडतं. नुसत्या रडण्यासाठी दिलेली आम्लविरोधी औषधं रडणं कमी करत नाहीत, हे चाचण्यांत दिसलेलं आहे. म्हणून ती मागून घेऊ नयेत, असं मला ठामपणे वाटतं.

आता समजा, हेच बाळ एके दिवशी भर दुपारी वेगळ्याच, कर्कश सुरात रडू लागलं. अशा वेळी त्याचे सगळे कपडे, मोजेसुद्धा, काढून डोक्यापासून पायापर्यंत बघावं. पायाचं एखादं बोट सुजून लालनिळं झालेलं दिसेल. त्याच्या मुळाशी केस इतका घट्ट गुंडाळलेला असतो की तो सहज दिसतही नाही. तो वेळेत निघाला नाही, तर बोटाचा रक्तपुरवठा तुटतो. जांघेत टणक फुगवटा असेल, तर आतडं अडकलेलं असू शकतं. दोन्हींसाठी लगेच दवाखाना गाठावा.

उलटी हिरवी असेल तर एक तासही थांबू नये. आतड्याला पीळ पडला असेल, तर काही तासांत ते निकामी होऊ शकतं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, शीमध्ये रक्त, फुगलेली टाळू, किंवा मलूल होऊन दूध न पिणं, यांसाठीही त्याच रात्री डॉक्टरांकडे जावं. प्रत्येक पाजण्यानंतर जोरात फेकलेली उलटी होत असेल, तर जठराचं तोंड अरुंद झालं असण्याची शंका येते.

कोलिकच्या रात्री आईबाबांचा तोल सुटू लागला, तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवून काही मिनिटं दुसऱ्या खोलीत जावं. बाळाला गदागदा हलवल्याने मेंदूत रक्तस्राव होतो, आणि त्याने जीवही जाऊ शकतो.