दीक्षित, शास्त्री, उपाध्ये : बेळगाव सीमाभागातील आडनावे

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी घरांत दीक्षित, शास्त्री, जोशी, उपाध्ये, पुराणिक ही आडनावे आढळतात. सर्वसाधारण समज असा, की ही सगळी ‘विद्वानांची’ आडनावे. शब्द नीट पाहिले तर त्यांतले एकेक वेगळीच गोष्ट सांगते, आणि दीक्षित तर विद्येबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही.

दीक्षित म्हणजे ज्याने सोमयागासाठी, म्हणजे सोमरसाची आहुती देण्याच्या वैदिक यज्ञासाठी, दीक्षा घेतली तो. अग्निष्टोम हा सोमयागांतला मूळ याग. तो पाच दिवस चालतो आणि त्याला सोळा ऋत्विज, म्हणजे यज्ञ चालवणारे पुरोहित, लागतात. यजमान आधीपासून अग्निहोत्र पाळणारा हवा आणि त्याची पत्नीही त्याच्यासोबत दीक्षा घेते. क्षौर आणि स्नान झाल्यावर यजमान कृष्णाजिनावर, म्हणजे काळविटाच्या कातड्यावर, बसतो, कमरेला मेखला बांधतो, मुठी आवळतो आणि वाणीचा संयम पाळतो. मग ‘दीक्षितोऽयं ब्राह्मणः’ अशी घोषणा होते. शतपथ ब्राह्मणात म्हटले आहे, की यजमान क्षत्रिय वा वैश्य असला तरी घोषणेत त्याला ब्राह्मणच म्हणावे, कारण तो यज्ञातून नव्याने जन्मलेला असतो. यागाच्या शेवटी अवभृथस्नान झाले की दीक्षा सुटते, नाव मात्र राहते. मंत्र म्हणणारे सोळा जण निराळे, आणि खर्च करणारा, नियम पाळणारा यजमान निराळा. दीक्षित हे नाव त्या यजमानाचे. तेव्हा घराण्यातल्या कोणीतरी एकदा हा याग केला, एवढेच ते सांगते.

याच कारणाने सीमाभागातल्या इतर दीक्षांमधून असे आडनाव आले नाही. लिंगायतांत लिंगदीक्षा साऱ्या समाजासाठी आहे, म्हणून ती एखाद्या घराला वेगळे काढत नाही. जैन मुनिदीक्षा घेणारा तर घरच सोडतो, मग त्याच्यामागे आडनाव चालवणार कोण?

शास्त्री हा शब्द मात्र खरोखर शिक्षणाचा. वेद पाठ करणारा तो वैदिक, आणि व्याकरण, न्याय, मीमांसा यांपैकी एखादे शास्त्र अर्थासह शिकलेला तो शास्त्री, असा फरक मराठीत होता. घनपाठी, म्हणजे वेदपठणाची सर्वांत अवघड पद्धत येणारा, कितीही मोठा असला तरी तेवढ्याने त्याला शास्त्री म्हणत नसत. ही पदवी आधी नावाला चिकटे, आडनावाला नव्हे. पोंभुर्ल्याच्या जांभेकरांत जन्मलेले बाळ पुढे बाळशास्त्री जांभेकर झाले : पदवी माणसाची, आडनाव घराण्याचे. पदवीच आडनाव झाली, की शास्त्र न शिकलेला मुलगाही शास्त्री ठरतो. विसाव्या शतकात शास्त्री ही परीक्षेची पदवीही झाली. श्रीवास्तव कुटुंबातले लालबहादूर काशी विद्यापीठाची पदवी घेऊन शास्त्री झाले, आणि मुलांनी ते आडनाव म्हणून लावले. म्हणजे एका पिढीत पदवीचे आडनाव होऊ शकते.

पदवी वंशात कशी उतरते, हे भट्टोजी दीक्षितांच्या घराण्यात दिसते. ‘सिद्धान्तकौमुदी’ हा संस्कृत व्याकरणग्रंथ लिहिणारे भट्टोजी दीक्षित, त्यांचे भाऊ रंगोजी भट्ट. भट्टोजींचा मुलगा भानुजी दीक्षित, नातू हरि दीक्षित. रंगोजींचा मुलगा मात्र कौंड भट्ट. एकाच घरातल्या दोन फांद्यांना दोन नावे लागली. त्यामुळे आज आडनाव एक म्हणून मूळ घराणे एक, किंवा आडनाव वेगळे म्हणून घराणे वेगळे, असा निष्कर्ष काढता येत नाही. जुन्या कागदांत पदवी नावाला जोडलेली आहे की स्वतंत्र आडनाव म्हणून आली आहे, हे आधी पाहावे. पिढी बदलताना ती नावापासून सुटून आडनावाच्या जागी गेली असेल, तर त्या पिढीला विद्या होतीच असे धरू नये. या भागात तीच कागदपत्रे मोडी, देवनागरी आणि कन्नड लिपींत सापडतात. 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर शासकीय नोंदी कन्नडकडे वळल्या, त्यामुळे एकाच घराचे नाव दोन लिपींत लिहिलेले दिसते.

जोशी म्हणजे ज्योतिषी. पण गावजोशीपण हे वतन होते. पंचांग सांगण्याचा हक्क बापाकडून मुलाला जाई, त्याला गणित येवो न येवो. आचार्य तर या भागात वैष्णव ब्राह्मणांत आढळतो तसाच विश्वकर्मा कारागिरांतही आढळतो, त्यामुळे नुसत्या शब्दावरून जात ओळखणे फसवे आहे.

उपाध्ये हा उपाध्यायाचा मराठी अवतार. मनुस्मृतीत उपाध्याय म्हणजे उपजीविकेसाठी वेदाचा काही भाग वा वेदांगे शिकवणारा, आणि आचार्याहून तो बराच खालचा. जैन परंपरेत उलट, पंचपरमेष्ठींत, म्हणजे पाच वंदनीय पदांत, उपाध्याय चौथा, म्हणजे अध्यापन करणारा मुनी. पण या भागातल्या दिगंबर जैनांत उपाध्ये म्हणजे बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, पूजा करणारा गृहस्थ. चिकोडी तालुक्यातल्या सदलग्यात 1906 साली जन्मलेले आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये प्राकृतचे जगन्मान्य अभ्यासक झाले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांनी अर्धमागधी शिकवली आणि कुंदकुंदाचार्यांचा ‘प्रवचनसार’ संपादित केला. पूजेशी जोडलेले आडनाव त्यांच्यापुरते पुन्हा शिकवणाऱ्याचे झाले, पण ते विद्यापीठ आणि हस्तलिखिते यांच्या वाटेने.