गरम लाइनीत पाइपचे 'किलो' का घटतात?

गोव्यातल्या पेडण्यात एखाद्या होमस्टेचं काम चालू आहे असं समजू. गच्चीवर पाणी तापवणारा सोलर बसलाय आणि तिथून न्हाणीघरांपर्यंत पाऊण इंची गरम लाइन ओढायची आहे. हार्डवेअरच्या दुकानात दोन पाइप समोर येतात. पांढरा यूपीव्हीसी, शेड्यूल 40 या ठरावीक जाडीचा, 33 किलोंहून थोडा जास्त दाब सोसणारा. दुसरा फिकट पिवळसर सीपीव्हीसी, एसडीआर 13.5 चा, म्हणजे बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या 13.5 पट असलेला, तो साडेबावीस किलोंचा. (किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर तितक्या किलोचा दाब, प्लंबर सोबतची बाकीची शेपटी बोलत नाहीत.) पांढरा स्वस्तही आणि आकड्यात दांडगाही. मग गरम लाइनीला तोच का नको?

कारण हे दोन्ही आकडे 23 अंश सेल्सिअसचे आहेत. गोव्यात नळाचं पाणीसुद्धा वर्षातले बरेच दिवस याहून कोमट असतं. तापमान चढलं की प्रत्येक प्लॅस्टिकचा आकडा एका गुणकाने कमी करायचा असतो आणि हा गुणक प्रत्येकाचा वेगळा. 60 अंशांना यूपीव्हीसीचा गुणक 0.22, म्हणजे 33.7 किलोंचे साडेसातही उरत नाहीत. सीपीव्हीसीचा त्याच तापमानाला 0.50, म्हणजे सव्वाअकरा किलो शिल्लक. थंडीत मागे असलेला पाइप गरमीत पुढे गेला! 82 अंशांना सीपीव्हीसीचा पाव हिस्सा, म्हणजे 5.6 किलो, अजून उरतो. यूपीव्हीसीचा तक्ता मात्र 60 अंशांवरच संपतो. त्यापुढे गुणकच दिलेला नाही, कारण तो पाइप तिथे वापरायचाच नसतो.

आत काय घडतं ते पाहू. प्लॅस्टिक म्हणजे शेवयांच्या गुंत्यासारख्या लांबच लांब रेणूसाखळ्या. साखळीच्या आतले बंध पक्के, पण एका साखळीला दुसरीजवळ धरून ठेवणारी ओढ कमजोर असते. पाण्याचा दाब पाइपच्या भिंतीला सतत बाहेर ताणत राहतो आणि साखळ्या एकमेकींवरून अगदी सावकाश सरकतात. उष्णता वाढली की त्यांची हालचाल वाढते आणि सरकणं सोपं होतं. यूपीव्हीसी 80 अंशांच्या आसपास मऊच पडतो. सीपीव्हीसीच्या साखळीत क्लोरीन जास्त असतो, त्यामुळे त्याची ही वेळ शंभराच्या पुढे येते.

म्हणूनच पाइपचा दाब हा 'आज फुटेल का' या प्रश्नाचं उत्तर नसतं. नमुने हजारो तास दाबाखाली ठेवून, ते किती तासांनी फुटतात यावरून एक लाख तास, म्हणजे सुमारे साडेअकरा वर्षं सोसता येईल असा ताण काढतात आणि त्याचा निम्माच वापरायला देतात. पाइप थंड झाला की ताकद परत येते हे खरं, पण गरम असताना साखळ्या जेवढ्या सरकल्या तेवढ्या सरकल्या. ते माघारी येत नाही.

आता प्लंबर म्हणेल, "प्रेशर पंप तीन किलोंचा, पांढरा पाइप 60 अंशांना सात किलो धरतो, मग अडचण कसली?" साध्या दिवशी त्याचा हिशेब बरोबर आहे. पण एप्रिल-मेमध्ये पाहुणे नसले की सोलरमधलं पाणी कोणी काढत नाही आणि ते 80 अंशांच्याही वर जातं. मग पहिल्याच पाहुण्याने नळ उघडला की तेच पाणी लाइनीत उतरतं. त्याने झटक्यात नळ मिटला, तर धावतं पाणी एकदम थांबून क्षणभर जादा दाब उठतो. दीड मीटर प्रतिसेकंद वेगाच्या पाण्याचा हा धक्का अशा पाइपात सहज पाच-सात किलोंचा असू शकतो. तीन आणि सात मिळून दहा झाले. म्हणून सोलरच्या लाइनीला मी एसडीआर 13.5 ऐवजी जाड भिंतीचा एसडीआर 11 घेईन. तो थंडीत 28 आणि 82 अंशांना 7 किलो धरतो. धक्का क्षणाचा असल्याने तिथे पाइप लगेच फुटत नाही, पण रोजरोज तो सोसायला लावू नये.

बिघाड आधी डोळ्यांना दिसतो. दोन क्लॅम्पमधला पाइप झोळीसारखा खाली येतो. कुठे भिंत फुगून पातळ होते, तर कुठे फुगवटा न येताच लांबीच्या दिशेने केसाएवढी चीर पडते आणि थेंब थेंब पाझरते. फुगवटा दिसला तर तापमानावर किंवा दाबावर आधी संशय घ्यावा. थंड लाइन शाबूत आणि त्याच पंपावरची गरम लाइन फुगलेली असेल, तर पंपाला दोष देण्यात अर्थ नाही.

सीपीव्हीसीलाही मर्यादा आहेच. साधारण 93 अंशांच्या पुढे तोही नको. म्हणून सोलरच्या टाकीतून निघणारा पहिला तुकडा धातूचा ठेवतात आणि टाकीची हवानळी कधीही बुजवत नाहीत.