कॅमच्या तक्त्यातलं 52 : बेस सर्कल की प्राइम सर्कल?

ड्रॉइंग बोर्डच्या काळात प्लेट कॅम, म्हणजे फिरताना आपल्या कडेने रोलर लावलेल्या फॉलोअरला हलवणारी चकती, आकड्यांपेक्षा रेषांनी सांगितला जाई. विस्थापन आलेखावरून रोलरच्या केंद्राची ठिकाणं मांडायची, प्रत्येक ठिकाणी रोलरचं वर्तुळ काढायचं आणि त्या सगळ्यांना आतून स्पर्श करणारी वक्ररेषा ओढायची. तीच कॅमची कड. बेस सर्कल कागदावर डोळ्यांसमोर असे, त्यामुळे घोटाळ्याला फारशी जागा नव्हती.

रोटरी टेबलवर अंशाअंशाने मिलिंग सुरू झालं तशी आकड्यांची गरज पडली. कटर रोलरच्याच व्यासाचा घेतला, की तक्त्यातला आकडा थेट कटरच्या केंद्राचं अंतर म्हणून लावता येतो. पायऱ्यांच्या कडा मग कानशीने घासायच्या. अशा तक्त्यात अंतर मोजलं जातं ते रोलरच्या केंद्रापर्यंत, कडेपर्यंत नाही.

गोंधळ इथूनच. ड्रॉइंगच्या काही जुन्या पुस्तकांत सर्वांत खालच्या स्थितीतल्या रोलरच्या केंद्रातून जाणाऱ्या वर्तुळालाच बेस सर्कल म्हटलंय. यंत्रगतिशास्त्र मात्र त्याला प्राइम सर्कल म्हणतं आणि बेस सर्कल हे नाव कॅमच्या कडेला लागणाऱ्या सर्वांत लहान वर्तुळासाठी राखून ठेवतं. दुसरी पद्धतच बरी, कारण कडेवर मायक्रोमीटर लावता येतो.

एक तक्ता घ्या. फॉलोअर सरळ रेषेत चालणारा, रोलर 24 मिमी व्यासाचा. 0° ला 52.00, 30° ला 55.51, 60° ला 64.00, 90° ला 72.49, 120° ला 76.00, 180° पर्यंत ड्वेल, म्हणजे फॉलोअर स्थिर, मग तसाच उतार आणि खाली पुन्हा ड्वेल. लिफ्ट म्हणजे 76 − 52 = 24 मिमी. यात वाद नाही. बेस सर्कलची त्रिज्या 52 − 12 = 40 मिमी. कोणी 52 लाच बेस सर्कल धरून कड कापली, तर कॅम सगळीकडून 12 मिमीने फुगतो आणि फॉलोअरची स्लाइड तेवढीच पुढे सरकून उभी राहते. गंमत अशी, की डायल लावून लिफ्ट मोजली तर ड्वेल ते ड्वेल 24 मिमीच येते. म्हणून लिफ्ट जुळली एवढ्यावर कॅम पास करू नये. खालच्या ड्वेलवर बोअरच्या केंद्रापासून कड मोजावी, 40 यायला हवेत. तक्ता शून्यापासून सुरू होत असेल, तर त्यातून फक्त लिफ्ट कळते. त्रिज्या ड्रॉइंगवर वेगळी शोधावी लागते.

1952 मध्ये अमेरिकेत संख्यानियंत्रित मिलिंग जाहीरपणे दाखवलं गेलं. पुढे सीएनसी आलं, कटर कोणत्याही व्यासाचा चालू लागला आणि नवी चूक शिरली : प्रत्येक ओळीतून सरसकट 12 वजा करणं. ड्वेलवर ते बरोबर ठरतं. चढावर रोलर कडेला लंब दिशेने टेकतो, त्रिज्येच्या दिशेने नाही. वरच्या कॅममध्ये 60° ला प्रेशर अँगल, म्हणजे ही लंब दिशा आणि फॉलोअरच्या चालीची दिशा यांतला कोन, सुमारे 15.7° आहे, तिथे त्रिज्येच्या दिशेने 12 नव्हे, साधारण 12.5 मिमी आत यावं लागतं. नाहीतर कड अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड राहते, फॉलोअर चढताना लवकर उचलला जातो आणि उतरताना उशिरा खाली येतो. म्हणून तक्ता पिच कर्व्ह, म्हणजे रोलरच्या केंद्राची वाट, म्हणूनच भरून ऑफसेट CAM सॉफ्टवेअरला काढू देणं बरं. तयार कडेचे बिंदू असतील तरच कटरच्या त्रिज्येची भरपाई करणारा `G41` किंवा `G42` वापरावा. रोलर-केंद्राच्या बिंदूंवर ही भरपाई लावली, तर तोच 12 मिमीचा फुगवटा पुन्हा येतो.