संरक्षित स्मारकात शूटिंगची परवानगी

केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकात शूटिंग करायचं असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून लायसन्स घ्यावं लागतं. हे सगळं १९५९ च्या नियमांनुसार चालतं. हातातल्या कॅमेऱ्याने साधे फोटो काढणं वेगळं, पण ट्रायपॉड, लाइट, कलाकार असा लवाजमा आला की अर्ज आलाच.

पहिल्यांदा स्मारक नक्की कोणाच्या ताब्यात आहे ते बघायचं. सर्वेक्षण खात्याचा निळा बोर्ड असेल तर केंद्राचं, नाहीतर ते राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडेही असू शकतं आणि मग अर्जाची वाटच वेगळी. चुकीच्या ऑफिसात अर्ज गेला तर वेळ फुकट जातो.

खरी अडचण 'आत' या शब्दात आहे. नियमात आतला भाग म्हणजे ज्यावर कसलंही छप्पर आहे तो भाग, आणि तिथे शूटिंगचं लायसन्स शिक्षणासाठी किंवा त्या स्मारकाला प्रसिद्धी मिळावी म्हणून असेल तरच मिळतं. म्हणजे कार्ल्याचं उदाहरण घ्या. चैत्यगृहाच्या आत गाण्याचा व्हिडिओ करायचा म्हटलं तर तो या अटीत बसत नाही, बाहेरच्या मोकळ्या जागेचा विचार होऊ शकतो, पण लेण्यांच्या स्थापत्यावर डॉक्युमेंटरी असेल तर आतल्या भागासाठीही अर्ज करता येतो. या अटी उगाच नाहीत, चैत्याच्या छताला सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी आजही आहेत, तिथे तापलेले लाइट आणि धूर नकोच.

अर्ज फॉर्म ९ मध्ये, महासंचालकांच्या नावे आणि शूटिंगच्या निदान तीन महिने आधी. डॉक्युमेंटरी १५ जानेवारीला सुरू करायची तर १५ ऑक्टोबरच्या आत अर्ज गेला पाहिजे. ऑगस्ट २०२३ पासून यासाठी ई-परमिशन पोर्टलही आहे. अर्जात काय शूट होणार, नेमक्या कुठल्या भागात आणि कशासाठी हे स्पष्ट लिहायचं आणि स्क्रिप्ट तयार ठेवायची. 'लेणी परिसर' एवढंच लिहू नका, कारण लायसन्समध्ये जो भाग लिहिलेला असतो तेवढ्यातच काम करता येतं, आयत्या वेळी शेजारच्या विहारात कॅमेरा नेता येत नाही. फी दर स्मारकाला, दर दिवसाला लागते आणि डिपॉझिट वेगळं, त्यामुळे दिवस नीट मोजूनच टाका.

शूटिंगच्या दिवशी जनरेटर स्मारकापासून लांब ठेवावा लागतो, दगडावर पाणी, तेल, ग्रीस काही लावायचं नाही, येणाऱ्याजाणाऱ्यांची वाट अडवायची नाही. कार्ल्याला हे शेवटचं फार जपावं लागतं, चैत्यासमोरच एकवीरा देवीचं देऊळ आहे आणि भाविकांची गर्दी असते. देवळातही शूट करायचं असेल तर देवस्थानाशी वेगळं बोलावं लागतं.

साध्या सरकारी इमारतीला, म्हणजे ती संरक्षित स्मारक नसेल तर, हा फॉर्म लागत नाही. तिथे इमारत ज्या खात्याच्या ताब्यात आहे त्याचीच लेखी परवानगी घ्यायची. महाराष्ट्रात राज्य सरकारच्या जागांसाठी गोरेगावच्या चित्रनगरीकडे एक खिडकी योजना आहे, अर्जाची सुरुवात तिथून करता येते.