गाडीचा उंबरठा आणि सातवा महिना

भाची सातव्या महिन्यात असताना तिच्या घरी गाडी घ्यायचं चाललं होतं. नवरा म्हणाला, मोठी एसयूव्ही घेऊ, उंच असते, वाकावं लागत नाही. सासरे म्हणाले, सेडान बरी, चढावं लागत नाही. भाचीने मला फोन केला, "मामा, तू आयुष्यभर गाड्यांचे दरवाजे काढलेस ना कागदावर? मग ये की." मी टेप घेऊन गेलो, पण आधी गाडी मोजली नाही, तिला मोजलं. सहाशे किलोमीटरच्या प्रवासाचा विचार सगळे करतात, पण दाराशी जाणाऱ्या दहा सेकंदांचा कुणी करत नाही. आणि गरोदर बाईला गाडी नकोशी होते ती बहुधा त्याच दहा सेकंदांत.

भाचीची उंची 155 सेंटिमीटर. जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंत चपलेसकट 41 सेंटिमीटर भरले. हा दुसरा आकडा महत्त्वाचा, कारण बसल्यावर पाय जमिनीला टेकणार की लोंबणार हे तोच ठरवतो. आम्ही बघितलेल्या तीन गाड्यांत पुढच्या डाव्या सीटची बाहेरची कड, हाताने दाबून धरल्यावर, जमिनीपासून अशी निघाली: सेडान 46, उंच बांध्याची हॅचबॅक 57 आणि शिडीसारख्या चासीवर बांधलेली सात आसनी 78. तिन्ही शोरूममधले विक्रेते आपापली गाडी "चढा-उतरायला एकदम सोपी" असंच सांगत होते.

सेडानमध्ये भाची बसली सहज. उठताना मात्र नवऱ्याचा हात लागला. ती म्हणाली, "घरची खुर्ची पण एवढीच आहे की, तिथून मी उठते!" खुर्ची खरंच 45 सेंटिमीटरची होती. मग फरक कुठे पडला?

बसलेला माणूस उठतो तेव्हा आधी त्याला शरीराचा गुरुत्वमध्य पावलांच्या वर आणावा लागतो. त्याला वाटा दोनच. एक तर कंबरेतून पुढे झुकायचं, नाही तर पावलं मागे, सीटखाली ओढून घ्यायची. रोज आपण दोन्ही थोडंथोडं करतो आणि कळतही नाही. सातव्या महिन्यानंतर पहिली वाट पोट अडवतं. मग बाई नकळत दुसरी वाट धरते: गुडघे फाकवते, टाचा खुर्चीखाली घेते आणि उठते. घरच्या खुर्चीखाली मोकळी जागा असते. गाडीच्या सीटखाली नसते. तिथे दाराखालचा पत्र्याचा उंबरठा आडवा येतो, आणि टाच त्याच्या बाहेरच राहते.

आम्ही सेडानच्या सीटच्या कडेपासून उंबरठ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंतचं आडवं अंतर मोजलं. ते 22 सेंटिमीटर निघालं. म्हणजे पावलं नको तितकी पुढे आणि शरीर मागे. दोन्ही वाटा बंद झाल्यावर उरते ती हाताने ओढून घेण्याची किंवा पोटाच्या ताणलेल्या स्नायूंवर जोर देण्याची. माझ्या मते गरोदरपणी सीटच्या उंचीइतकंच हे आडवं अंतर बघावं. पण ते माहितीपत्रकात कधी छापलेलं नसतं. हॅचबॅकमध्ये ते 15 होतं.

उंचीचा हिशेब वेगळा. आसन जितकं बुटकं, तितका उठताना गुडघ्यावर आणि खुब्यावर येणारा भार जास्त. मांडी आडवी असते तेव्हा शरीराचं वजन गुडघ्यापासून सर्वांत लांब पडतं, म्हणून स्नायूंना सर्वांत जास्त ओढावं लागतं. आसन वर नेलं की मांडी उतरती होते आणि हे अंतर घटतं. खुर्चीवरून उठण्यावर झालेल्या प्रयोगांत नुसतं आसन उंच केल्याने गुडघ्यावरचा भार 60 टक्क्यांपर्यंत आणि खुब्यावरचा 50 टक्क्यांपर्यंत घटलेला आढळला आहे. त्यात गरोदर बाईचं वजन दहा-बारा किलोंनी वाढलेलं, आणि ते पुढच्या बाजूला.

मग नवऱ्याचं खरं म्हणायचं का, जितकी उंच तितकी बरी? नाही. भाचीच्या 41 सेंटिमीटरच्या पायांना 78 सेंटिमीटरवरची सीट म्हणजे ओटा. त्या गाडीत शिरायला तिला आधी एक पाय उचलून पायरीवर ठेवावा लागला, मग त्या एका पायावर सगळं वजन घेऊन वर जावं लागलं. उतरताना त्याहून वाईट. पोटामुळे खालची पायरी दिसत नव्हती, म्हणून ती पावलाने चाचपडत होती.

एका पायावर वजन घेण्यात आणखी एक गोम आहे. गरोदरपणात ओटीपोटाच्या हाडांचे सांधे सैलावतात. दर पाच गरोदर बायकांतल्या साधारण एकीला तिथे दुखतं, कधी पुढे जांघेच्या मधोमध तर कधी मागे माकडहाडाच्या वर. अशा बाईला एका पायावर भार घेणं आणि पाय एकमेकांपासून फाकवणं या दोन गोष्टी हमखास दुखवतात. आपण गाडीत नेहमी शिरतो तसं, एक पाय आत टाकून मग अंग आत ओढायचं, यात दोन्ही एकदम होतात. म्हणून फिजिओथेरपिस्ट सांगतात, की गाडीकडे पाठ करावी, सीटच्या कडेला आधी बूड टेकवावं आणि मग दोन्ही गुडघे जुळवून एकदमच आत वळावं. सीटवर प्लॅस्टिकची पिशवी अंथरली की वळणं सोपं जातं. गाडी सुटायच्या आधी मात्र ती काढायची, नाही तर ब्रेक लागल्यावर अंग पट्ट्याखालून पुढे घसरेल.

या पद्धतीने बसायचं तर सीट मागे न बघता टेकवता येण्याइतकी उंच हवी, आणि टेकल्यावर पावलं जमिनीवर राहण्याइतकी बुटकी. भाचीच्या बाबतीत हा पट्टा साधारण 50 ते 60 सेंटिमीटरचा निघाला, म्हणजे तिच्या गुडघ्याच्या खळगीपेक्षा दहा ते वीस सेंटिमीटर वर. 170 सेंटिमीटर उंचीच्या बाईचा पट्टा अर्थात वर सरकेल. म्हणून "गरोदर बाईसाठी उत्तम गाडी" अशा याद्यांना फारसा अर्थ नाही.

आपल्याकडे हा पट्टा रस्त्यावर आला तो 1990च्या दशकाच्या शेवटी. 1998 साली सँट्रो आली, 1999 साली वॅगन आर, आणि लोकांनी त्यांच्या उंच डोक्याची थट्टा केली. आताच्या वॅगन आरची उंची 1675 मिलिमीटर आहे, बहुतेक सेडान दीडेक मीटरच्या असतात. छत उंच म्हणून सीट उंच ठेवता येते, आणि दाराची वरची चौकट डोक्याला लागत नाही. गरोदर बाईला डोकं वाचवायला पुढे वाकता येत नाही, ती मान तिरकी करते, म्हणून हा दुसरा फायदाही लहान नव्हे.

एक गोष्ट शोरूममध्ये कळत नाही. आपल्याकडे शेजारची सीट डावीकडे, म्हणजे फुटपाथच्या बाजूला. फुटपाथ 15 सेंटिमीटर उंच धरला तर त्यावर उभं राहून सेडानमध्ये बसणारीला सीट 46 नव्हे, 31 सेंटिमीटरवर मिळते. जवळजवळ पाटच. उलट 78ची सीट तिथे 63 होते आणि बरी वाटू लागते. भाचीची डॉक्टर ज्या गल्लीत बसते तिथला फुटपाथ आम्ही मोजला आणि सेडान तिथेच बाद झाली.

आता दरवाजा. काही गाड्यांचे दरवाजे 90 अंश उघडतात, 2020 साली आलेल्या अल्ट्रॉझची जाहिरातच त्यावर होती. मोकळ्या अंगणात ते सुख आहेच. पण दरवाजा किती उघडायचा हे गाडी ठरवत नाही, शेजारची गाडी ठरवते. भाचीच्या सोसायटीत पार्किंगची जागा अडीच मीटर रुंद. गाडी 1.7 मीटर. दोन्ही गाड्या आपापल्या जागेच्या मधोमध असल्या तर मध्ये 80 सेंटिमीटर उरतात. पुढचा दरवाजा बिजागरीपासून कडेपर्यंत 110 सेंटिमीटर. 80 भागिले 110 म्हणजे 0.73, आणि हा ज्या कोनाचा साइन आहे तो 47 अंश. शेजारी जरा इकडे सरकून 60च सेंटिमीटर उरले, तर कोन 33 अंशांवर येतो. पूर्ण 90 अंशांना बाजूला 110 सेंटिमीटर मोकळे हवेत. तेवढे तिथे दिवाळीच्या सुट्टीत शेजारी गावी गेल्यावरच मिळतात.

33 आणि 47 अंशांत काय एवढं? टेकून बसायला दोन्हीत जमतं, अडतं ते पाय आत वळवताना. पावलं बिजागरीपासून साधारण 50 सेंटिमीटरवरून आत जातात. 33 अंशांवर तिथे पत्रा 32 सेंटिमीटर दूर असतो. दाराचं अस्तर, बाटलीचा कप्पा, स्पीकर यांचे 15 वजा केले की उरले 17. भाचीचं पाऊल 23 सेंटिमीटरचं. 47 अंशांवर हीच मोकळीक 39 होते, दुपटीहून जास्त. पहिल्या कोनात जुळलेले गुडघे सोडवून एकेक पाय ओढून घ्यावा लागतो, आणि दुखणं तिथेच सुरू होतं.

शिवाय दरवाजा त्या कोनावर थांबायला हवा. बिजागरीजवळ एक पट्टी असते, तिच्या खाचांमुळे दरवाजा दोन किंवा तीन ठिकाणी अडकून उभा राहतो. खाच 30 अंशांवर आणि पुढची 60 वर असेल, तर 47 वर दरवाजा कुणीतरी धरून ठेवावा लागतो. उतारावर तर तो परत येऊन नडगीवर आदळतो. शोरूममध्ये दरवाजा हळूहळू उघडत जाऊन खाचा मोजाव्यात, आणि गाडी चढावर उभी करून पुन्हा बघावं.

मागच्या सीटवर बसायचं असेल तर हिशेब आणखी कडक. मागचा दरवाजा लहान असतो, चाकाची कमान त्याच्या खालच्या कोपऱ्यात शिरलेली असते, आणि पाय मधला खांब व सीट यांच्यातल्या चिंचोळ्या जागेतून न्यावे लागतात. पुढची सीट पूर्ण पुढे ओढली तर जरा सुटका होते. आणि जमीन उंच असलेल्या गाडीत, बॅटरी खाली असलेल्या काही इलेक्ट्रिक गाड्यांत हे होतं, बसल्यावर गुडघे वर येतात आणि मांड्या पोटाला टेकतात. बाहेरून मोजलेली उंची तिथे फसवते, म्हणून आत बसून पायाखालच्या जमिनीपासून सीटही मोजावी.

भाचीने 57ची हॅचबॅक घेतली. दरवाज्याची मधली खाच 45 अंशांच्या आसपास आहे. नवरा अजून एसयूव्हीबद्दल हळहळतो. आता तो तिला सोसायटीच्या फाटकाबाहेर उतरवतो आणि मग गाडी आत लावतो. हे टेप न काढताही सुचलं असतं, असं भाची त्याला ऐकवते.