फायबर अपलिंक डाउन (दोन स्विचमधील)

दोन स्विच फायबरने जोडल्यावर पोर्टचा दिवा न लागणे किंवा पोर्ट डाउन दिसणे. कारणे बहुधा तीनच असतात: दोन्ही टोकांचे एसएफपी मॉड्यूल एकमेकांशी न जुळणारे, कनेक्टर मळलेला, किंवा पाठवणारा आणि घेणारा धागा उलटे लागलेले. यांतले कोणते, हे दोन्ही टोकांना पोहोचणारा प्रकाश मोजला की कळते. केबल बदलण्याआधी ते मोजावे. सिस्कोच्या बऱ्याच स्विचवर आज्ञा अशी:

```
show interfaces transceiver
```

समोरचा पोर्ट बंद ठेवलेला असेल तर लेझरही बंद असतो, म्हणून आधी दोन्ही पोर्ट चालू आहेत ना, ते पाहावे.

अंधेरीतल्या एका कार्यालयाचे उदाहरण घेऊ. तळमजला आणि पाचवा मजला यांच्यात सिंगल-मोड फायबर, दोन्हीकडे दहा गिगाबिटचे एलआर मॉड्यूल, तरंगलांबी १३१० नॅनोमीटर. पाचव्या मजल्यावर फॉल्स सीलिंगचे काम झाले, पॅच पॅनेल हलवले आणि लिंक गेली. मॉड्यूल दोन्हीकडे सारखेच होते. एकीकडे ८५० नॅनोमीटरचे एसआर असते, किंवा एक मॉड्यूल एक गिगाबिटचे असते, तर पुढची खटपट वायाच गेली असती. वेग जुळत नसेल तर प्रकाश पुरेसा दिसूनही लिंक येत नाही.

आकडे पाहिले तर दोन्ही टोकांना −४० डीबीएम, म्हणजे अंधार. दोन्हीकडे एकदम अंधार दिसला की पहिला संशय उलट्या धाग्यांवर घ्यावा, कारण पाठवणाऱ्यासमोर पाठवणारा आला की घेणाऱ्या दोघांनाही काही मिळत नाही. दुहेरी पॅच कॉर्ड बहुधा धागे उलटवूनच देते. अशा दोन कॉर्डमध्ये सरळ जोडलेली इमारतीची केबल आली, तर दोनदा उलटून धागे पुन्हा सरळ होतात. एकूण उलटणे विषम वेळा हवे. म्हणून एकाच टोकाला क्लिप उघडून एलसी कनेक्टरची अदलाबदल करायची. दोन्ही टोकांना केली तर आपण होतो तिथेच परत.

अदलाबदलीनंतर पाचव्या मजल्यावर −६.१ आले, तळमजल्यावर मात्र −१९.८. एलआर मॉड्यूलला निदान −१४.४ डीबीएम लागते, म्हणून लिंक अजूनही डाउन. एकच दिशा कमजोर म्हणजे त्याच धाग्यावर काहीतरी बसले आहे. झाकण न लावलेल्या पॅनेलमध्ये ड्रिलिंगची धूळ गेली होती. मायक्रोस्कोपखाली कनेक्टरच्या बरोबर मध्यावर कण दिसला. तिथला गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा, त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा कणही तो झाकून टाकतो. पॅनेलच्या आतली बाजू आणि कॉर्डचे टोक, दोन्ही क्लिक-क्लीनरने पुसले. एकच बाजू पुसली तर कनेक्टर बसवताना मळ पुन्हा इकडे येतो. आकडा −५.९ झाला आणि लिंक आली.

बोट लावून किंवा शर्टाने टोक पुसू नये; तेलाचा थर राहतो. टोकात डोळा लावूनही पाहू नये: १३१० नॅनोमीटरचा प्रकाश दिसत नाही, त्यामुळे लेझर चालू असल्याचे कळतच नाही.